टँकमधल्या वेळेवरून तलाव पार करायचा वेळ कसा काढायचा? भिंतीची लात नाही, वर लाटा

मेहरूणची_पहाट
जळगावात २५ मीटरच्या टँकमध्ये पोहतो. फ्रीस्टाइल. टम्बल टर्न येत नाही, भिंतीला हात लावून वळतो आणि लात मारून निघतो. न थांबता १००० मीटरला २१ मिनिटं ४० सेकंद लागतात, म्हणजे शंभराला २:१०.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात साक्री तालुक्यातला एक मध्यम प्रकल्प आडवा पार करायचा आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर रविवारी तिथे जत्रा भरेल. जलसंपदा विभागाची लेखी परवानगी आहे, सोबत होडी आहे. गुगल मॅपवर पूर्व काठ ते पश्चिम काठ १७०० मीटर दिसतं. होडीवाल्याला वेळ सांगायची आहे. १७ गुणिले २:१० केलं तर ३६:५० येतात. एवढंच धरू ना?

चुलीवरचं_भरीत
भो, तुना हिसाबमा वारा कोठे शे?

लांबपल्ला
१० टक्के वाढवा, ४०-४१ मिनिटं धरा, विषय संपला. भिंतीच्या लातेचा फार बाऊ करतात लोक. १५०० मीटर फ्रीस्टाइलची पुरुषांची वेळ बघा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली बॉबी फिंकने ५० मीटरच्या टँकमध्ये १४:३०.६७ लावले. २०२१ साली अबू धाबीला फ्लोरियन वेलब्रॉकने २५ मीटरच्या टँकमध्ये १४:०६.८८ लावले. फरक २४ सेकंदांचा आणि जादा वळणं ३०. म्हणजे एका वळणामागे ०.८ सेकंद फायदा. हे जगातले सर्वोत्तम, पाण्याखाली डॉल्फिन किक मारत जाणारे. तुमची लात त्याच्या निम्मीही नसेल, म्हणजे तुमचा फायदा ०.४ धरा. शंभराला दीड-दोन सेकंद. सोडून दिलं तरी चालतं.

तापीकाठ
लांबपल्ला, भागाकार बरोबर आहे, पण तो आकडा हौशी पोहणाऱ्याला लावताना तुम्ही उलट्या दिशेने गेलात.

लात मारून निघालेलं अंग पहिल्या दोन-तीन मीटरला सेकंदाला दोन मीटरच्या आसपास जातं. पाय साधारण ताकदीचे असले तरी. फिंक पोहतोच सेकंदाला १.७ मीटरने, त्यामुळे लातेतून त्याच्या वेगात पडणारी भर छोटी. हा भाऊ पोहतो सेकंदाला पाऊण मीटरने. त्याच्यासाठी तीच लात अडीचपट वेग आहे. पोहणारा जितका संथ, तितकी भिंत त्याला जास्त देते. वळताना तो दीड-दोन सेकंद वाया घालवतो हे खरं, पण ते वजा करूनही हाती उरतं ते ०.४ पेक्षा बरंच जास्त असतं. किती, ते अंदाजाने सांगण्यात अर्थ नाही. मोजता येतं.

टँकच्या काठावर एका टोकापासून १० मीटरवर एक चप्पल ठेवा, २० मीटरवर दुसरी. मित्राच्या हातात स्टॉपवॉच द्या. डोकं पहिल्या चपलेसमोर आलं की सुरू, दुसरीसमोर आलं की बंद. मित्राने प्रत्येक वेळी चपलेच्या अगदी समोर उभं राहायचं. एकाच जागी उभं राहून तिरकं बघितलं तर अर्धा मीटर सहज चुकतो, म्हणून दोन माणसं असली तर उत्तम. १० मीटरपासून एवढ्यासाठी, की लातेचा जोर सहा-सात मीटरपर्यंत पूर्ण संपतो. आणि २० ला थांबायचं, कारण पुढे बहुतेक जण भिंतीकडे बघून हात लांबवायला लागतात.

हे ताज्या दमाच्या पहिल्या दोन लेंग्थला मोजू नका. १००० मीटर पोहताना मधल्या टप्प्यात, एकाच दिशेच्या आठ लेंग्थ घ्या आणि सरासरी काढा. एकेका वाचनात स्टॉपवॉचचं बोट इकडे-तिकडे होतं, आठांत ते बरंचसं फिटतं.

आणि एक. टँकची लांबी टेपने मोजा. काही टँक ८० फुटांचे असतात आणि बोर्डावर २५ मीटर लिहिलेलं असतं. ८० फूट म्हणजे २४.३८ मीटर. पाटीवरच्या आकड्यावर विसंबलात तर अडीच टक्के तिथेच गेले.

भुसावळ_लोको
हतनूरच्या खाली तापीत प्रवाहाबरोबर पोहायचं असेल तर वेळ निम्म्यावर येतो, माझा आलेला आहे. प्रवाहाचा वेग मिळवायचा की झालं. शिवाय धरणाचं पाणी खोल असतं, खोल पाण्यात अंग जड होतं, त्याचे ५ टक्के वेगळे. गोड्या पाण्यात माणूस बुडतो हे तर सगळ्यांनाच ठाऊक आहे.

तापीकाठ
दादा, प्रश्न साठलेल्या पाण्याचा आहे, वाहत्या नदीचा नाही. सांडवा बंद असताना अशा जलाशयाच्या मध्यावर नदीचा प्रवाह जाणवण्याइतका नसतो. जे पाणी सरकतं ते वाऱ्याने सरकतं, ते पुढे घेऊ.

खोलीचं म्हणाल तर पाणी दोन मीटर असो की वीस, अंगाला तरंगवणारा जोर तोच. आणि टँकचं पाणीही गोडंच असतं. समुद्रातून तलावात येणाऱ्याला फरक पडेल, टँकमधून येणाऱ्याला पडणार नाही. खोल पाण्यात जड वाटतं ते बहुधा तळाची रेघ दिसत नाही म्हणून. माणूस दचकतो, मान वर ठेवतो, मान वर गेली की पाय खाली जातात. त्याने वेळ वाढतो हे मान्य.

अनेरची_लेक
मेहरूण भाऊ, त्या १७०० वरच मला शंका आहे. गुगल मॅपचं चित्र कोणत्या महिन्याचं आहे ते बघितलं का? आपल्याकडची धरणं ऑक्टोबरात काठोकाठ आणि एप्रिलमध्ये निम्म्यावर. पाणी ओसरलं की काठ आत सरकतो, मागे गाळपेऱ्याची शेतं निघतात. पावसाळ्यानंतरचं चित्र असेल तर तुम्ही न पोहण्याचं अंतर मोजताय.

गुगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रं बघता येतात. त्याहून चांगलं म्हणजे कोपर्निकस ब्राउझरवर सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट आहेत, साधारण दर पाच दिवसांनी नवीन. एक ठिपका दहा मीटरचा असतो, आपल्या कामाला पुरे. ढग नसलेलं मागच्या आठवड्यातलं चित्र घ्या आणि पाण्याच्या आत्ताच्या कडेपासून कडेपर्यंत मोजा.

मेहरूणची_पहाट
बापरे. मॅपवरचं चित्र पावसाळ्यानंतरचंच निघालं. २४ मार्चच्या चित्रात १४०० मीटर भरलं. तीनशे मीटर म्हणजे माझी साडेसहा मिनिटं कागदावरच वाचली.

चपला ठेवून मोजलं. टँक टेपने २५.०० निघाला. आठ वाचनं: १३.४, १३.९, १३.६, १३.८, १३.५, १४.०, १३.७, १३.७. सरासरी १३.७ सेकंदांना दहा मीटर. म्हणजे शंभराला २:१७. नाना, भिंत मला शंभराला सात सेकंद देतेय?

तापीकाठ
देतेय. चार लेंग्थला सात, म्हणजे एका भिंतीमागे पावणेदोन सेकंद. लांबपल्लांच्या ०.४ च्या चौपटीहून जास्त. टँक ५० मीटरचा असता तर शंभराला भिंती निम्म्या, मग फरक साडेतीन सेकंदांचा पडला असता. टम्बल टर्न चांगला असणाऱ्याचा फरक वेगळा येईल. म्हणून दुसऱ्याचा आकडा उचलायचा नाही.

आता या २:१७ वर एकेक थर चढवू. १४०० मीटर धरून.

पहिला थर थकव्याचा. तुमचा वेग १००० मीटरचा आहे आणि जायचं आहे १४००. अंतर दुप्पट झालं की शंभराची वेळ साधारण ४ टक्क्यांनी वाढते. इथे दुप्पट नाही, दीडपटीच्याही आत आहे, तर २ टक्के धरा. २:१७ चे २:२० झाले. शिवाय टँकमध्ये दर पंचवीस मीटरला दंडाला दोन सेकंद सुटी मिळते. तलावात ती मिळत नाही, खांदा सलग चालतो. म्हणून आधी एकदा टँकमध्ये भिंतीला पाय न लावता पोहून बघा. भिंतीच्या दोन मीटर अलीकडेच जागच्या जागी वळायचं आणि शून्यातून हात मारत निघायचं. ४०० मीटर असे केले की खांदे काय म्हणतात ते कळेल. त्या सरावाची वेळ मात्र लिहून ठेवू नका. जागेवर वळण्यात इतका वेग मरतो की तलावापेक्षाही वाईट आकडा येतो.

दुसरा थर मान वर काढून समोर बघण्याचा. दर वेळी डोळे पाण्याबाहेर येतात, कंबर खाली जाते, एक हात अर्धवट पडतो. हेही टँकमध्ये मोजता येतं. २०० मीटर साधे पोहा. मग विश्रांती घेऊन २०० मीटर असे, की दर दहा हातांनी एकदा समोरची भिंत बघायची. दोन्हींतला फरक तुमचा.

तिसरा थर वाकडं जाण्याचा. यात लोक सगळ्यात जास्त चुकतात, आणि तो टँकमध्ये मोजता येत नाही.

मेहरूणची_पहाट
२०० साधे ४:२०, बघत बघत ४:२८. आठ सेकंद.

तापीकाठ
म्हणजे ३ टक्के. २:२० चे २:२४ झाले. दर दहाऐवजी दर सहा हातांनी बघितलंत तर हा थर जाड होईल, पण पुढचा पातळ होईल. कुठे थांबायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. मी वीस हातांपर्यंत न बघता जाणारे बघितले आहेत. ते बघण्यात वेळ वाचवतात आणि वळसा घालण्यात दुप्पट घालवतात.

अनेरची_लेक
वाकडं जाण्याचं गणित मजेशीर आहे. सतत १० अंश तिरकं गेलं तर अंतर फक्त दीड टक्का वाढतं. २० अंशांना सव्वासहा-साडेसहा टक्के. ३० अंशांना पंधराहून जास्त. म्हणजे थोडं नागमोडी गेलं तर काही बिघडत नाही. बिघडतं ते एकदा मोठं भरकटलं की. म्हणून दर दहा हातांच्या बघण्यात परिपूर्ण रेषा शोधू नका, वीस अंशांच्या बाहेर जात नाही ना एवढंच सांभाळा.

बहुतेकांचा एक हात दुसऱ्यापेक्षा जोरात ओढतो आणि श्वास एकाच बाजूला घेतला की अंग त्या ओढीने वळत राहतं. टँकमध्ये डोळे मिटून पंधरा हात मारा, दोरीला कुठल्या बाजूने अडकता ते बघा. तीच तुमची बाजू. बाजूची लेन रिकामी असताना करा.

१४०० ला ५ टक्के जादा धरा, १४७०.

तापीकाठ
१४७० ला २:२४ ने ३५ मिनिटं १७ सेकंद. हे झालं आरशासारख्या पाण्याचं. टँकच्या हिशोबाने १४०० ला ३०:२० आले असते. पाच मिनिटं वाऱ्याशिवायच वाढली.

लांबपल्ला
म्हणजे १६ टक्के. माझे १० कमी पडले हे कबूल. पण ५० मीटरच्या टँकमध्ये टम्बल टर्न करणारा आणि सरळ जाणारा असेल तर १० मध्ये बसतो, हेही लिहून ठेवा.

तापीकाठ
शांत पाण्यात बसतो. लिहून ठेवलं.

चुलीवरचं_भरीत
आते तरी वाऱ्यावर या रे भो. एप्रिलमध्ये साक्रीकडे दुपारी उभं राहून दाखवा, मग बोला. ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या केल्या नाहीत. दोन-दोन फुटांच्या लाटा येतात.

तापीकाठ
वाऱ्याचं खरं, दोन फुटांचं नाही. लाट किती उठते ते वाऱ्याच्या जोरावर आणि वारा पाण्यावरून किती लांब घासत आला त्यावर ठरतं. दीड किलोमीटरच्या पाण्यावर ताशी १५ किलोमीटरच्या वाऱ्याने लाट ८-१० सेंटीमीटरची होते, वीतभरही नाही. ताशी ३० ला १५-१७ सेंटीमीटर. पाण्यात नाकाच्या पातळीवरून बघणाऱ्याला ती दोन फुटांची वाटते, एवढंच.

पण त्रास उंचीचा नाहीच. ताशी १५ च्या वाऱ्यात दोन शिखरांतलं अंतर जेमतेम दोन मीटर असतं, म्हणजे माणसाच्या उंचीएवढं. समुद्राची लांब लाट सगळं अंग एकदम उचलते. ही लाट डोकं उचलते तेव्हा कंबर खड्ड्यात असते. पुढे टाकलेला हात कधी पाण्याआधी शिखरावर आपटतो, कधी हवेतच राहतो. पकड चुकली की त्या हाताचं पाणी वाया जातं. समोरून येणाऱ्या अशा लाटांत सवय नसलेल्याचा वेग ४-५ टक्के पडतो, ताशी ३० ला १० पर्यंत. हे मी बघून धरलेले आकडे आहेत, तुमचे वेगळे निघू शकतात. हात थोडा उंच आणि कमी लांब टाकला, हातांची गती वाढवली तर नुकसान कमी होतं. टँकमधली ती लांबलचक सरकती पद्धत लाटांत मार खाते.

याशिवाय वरचा पाण्याचा थर वाऱ्याबरोबर सरकतो. पृष्ठभागाचा वेग वाऱ्याच्या २-३ टक्के असतो. ताशी १५ म्हणजे सेकंदाला ४.२ मीटर, त्याचे ०.०८ ते ०.१२ मीटर.

अनेरची_लेक
नाना, तो वेग अगदी वरच्या पापुद्र्याचा. पोहणाऱ्याचं अंग पाण्यात अर्धा मीटर खोल असतं आणि खाली जाल तसा तो वेग झपाट्याने कमी होतो. पूर्ण ०.१ धरलात तर या भाऊंचा सातवा हिस्सा वेग वाऱ्याने खाल्ला असं होईल. मला ते जास्त वाटतं. मी निम्मा धरते, ०.०५.

तापीकाठ
निम्मा की दोन तृतीयांश, यावर आपण आधीही भांडलो आहोत. आता मोजूनच घेऊ. एक लिटरची पाण्याची बाटली, वर दोन बोटं हवा ठेवून घट्ट बंद, म्हणजे फक्त बूच बाहेर राहतं आणि वारा तिला ढकलत नाही. तिला दहा मीटर बारीक नायलॉनची दोरी. काठापासून दूर, जिथे खांब किंवा नांगरलेली होडी असेल तिथून सोडा आणि दोरी ताणली जाईपर्यंत घड्याळ लावा. २०० सेकंद लागले तर ०.०५. १०० लागले तर ०.१. फक्त हवा भरलेली रिकामी बाटली टाकू नका. ती पाण्याचा नाही, वाऱ्याचा वेग सांगते.

तूर्त ताईंचा ०.०५ घेतो. २:२४ म्हणजे सेकंदाला ०.६९ मीटर. समोरून ताशी १५ चा वारा असेल तर लाटांचे ४ टक्के जाऊन ०.६७, सरकत्या पाण्याचे ०.०५ जाऊन ०.६२. १४७० मीटरला ३९ मिनिटं ४० सेकंदांच्या आसपास. तोच वारा पाठीमागून असेल तर लाटांचं नुकसान निम्मं, पाणी ०.०५ मदतीला, आणि वेळ साडेतेहेतीसवर येतो. म्हणजे हलक्या वाऱ्यातसुद्धा दिशा बदलली की सहा मिनिटांचा फरक. ताशी ३० समोरून घेतलात तर ४७ च्या पुढे, आणि तेव्हा सरळही जाता येत नाही, म्हणून ५० धरा.

एप्रिलमध्ये वारा बहुधा पश्चिमेचा असतो आणि दहा-अकरानंतर चढतो. तुम्ही पूर्वेकडून पश्चिमेला निघताय, सगळा वारा तोंडावर. उलटं करा. पश्चिम काठावरून उजाडताच निघा.

मेहरूणची_पहाट
पूर्वेला रस्ता आहे म्हणून तिथून निघणार होतो. होडीने आधी पश्चिमेला जाता येईल. उतरायचं मग पूर्वेच्या बांधापाशी?

तापीकाठ
बांधापाशी नको. दगडी पिचिंगवर लाट आपटून परत येते, येणारी आणि परतणारी एकमेकींवर चढतात. शेवटचे पन्नास मीटर पाणी उकळत्या पातेल्यासारखं होतं आणि शेवाळलेल्या दगडांवर उभं राहता येत नाही. बांधाच्या बाजूचा मातीचा उतार शोधा. गाळ गुडघाभर असेल तर उभे राहू नका, हात तळाला लागेपर्यंत आडवेच या.

मासेमारीची जाळी विचारून घ्या. थर्माकोलचे तुकडे किंवा प्लास्टिकच्या बाटल्या ओळीत तरंगत असतील तर खाली जाळं आहे. पाणी ओसरल्यावर बुडीतातल्या बाभळीचे खुंटही पृष्ठभागाजवळ येतात. वळसा पडला तर तो अंतरात धरा.

अनेरची_लेक
आणि सूर्य? सकाळी पश्चिमेकडून पूर्वेला म्हणजे सूर्य सरळ डोळ्यात, पाण्यावरची चमक वेगळी. समोरचा काठ दिसणारच नाही. वारा म्हणतो पूर्वेला जा, सूर्य म्हणतो पश्चिमेला जा. नाना, हा थर तुमच्या हिशोबात नाही.

तापीकाठ
नाही. बरोबर पकडलं.

सोय एकच सुचते. काठावरची खूण न धरता उंच खूण धरा, आणि एक नाही तर दोन. काठाजवळची पाण्याची टाकी आणि तिच्या मागे टेकडीवरचा विजेचा मनोरा असं काहीतरी. दोन्ही एका रेषेत असतील तर तुम्ही वाटेवर आहात. मागची खूण डावीकडे सरकलेली दिसली तर तुम्ही डावीकडे ढकलले गेलात. आरशाचे किंवा गडद काचेचे गॉगल घ्या. होडी तुमच्या श्वासाच्या बाजूला, वीस मीटरवर, थोडी पुढे. होडीवाल्याने रेष धरायची आणि तुम्ही होडीला समांतर राहायचं. पण मग तो सरळ जातो की नाही यावर सगळं. जाळी टाकणारा माणूस असेल तर जातो.

भुसावळ_लोको
होडीवाल्याला किती वेळ सांगायचा शेवटी? मूळ प्रश्न तोच होता.

तापीकाठ
वारा नसेल तर ३५, पाठीमागचा हलका असेल तर ३४, आणि त्याने ५० मिनिटांची तयारी ठेवायची. मध्यावर वेळ बघायची. मात्र निम्म्या वेळेला निम्मं अंतर अशी अट घालू नका. वाऱ्याबरोबर जाताना सुरुवातीचा काठ आडोशाचा, पाणी शांत. लाट पुढे पुढे वाढत जाते आणि सगळ्यात वाईट पाणी शेवटी भेटतं, दम संपलेला असताना. पहिला अर्धा भाग लवकर झाला म्हणून खूश व्हायचं नाही. पहिल्या ७०० ला २० मिनिटांहून जास्त लागली तर काहीतरी बिघडलं आहे, सरळ होडीत.

मेहरूणची_पहाट
झालं. आकडे देतो.

सकाळी ६:५० ला पश्चिम काठावरून. वारा पाठीमागून ताशी ८-१०, फोनवर बघितलेला. एकूण ३५:०५. फोन वॉटरप्रूफ पिशवीत, कमरेला बांधलेल्या फुग्यावर. फोनमधली वाट १४९० मीटर. पहिले ७०० मीटर १६:२० मध्ये, प्रत्यक्ष पोहलो ७१५. दुसरे ७०० मीटर १८:४५ मध्ये, पोहलो ७७५. बाटलीची दोरी ताणायला २९० सेकंद लागले, म्हणजे ०.०३५. मध्यानंतर सूर्यामुळे टाकी दिसेनाशी झाली. मनोरा दिसत होता.

लांबपल्ला
हिशोब ३४ चा, आले ३५. सव्वातीन टक्के. नाना, मानलं.

तापीकाठ
मानू नका, आकडे नीट बघा. एकूण जुळलं, पण आतलं जुळलेलं नाही. पहिल्या भागात वाट फक्त २ टक्के वाकडी, दुसऱ्यात जवळजवळ ११. आपण सरसकट ५ धरले होते. योगायोगाने सरासरी साडेसहावर आली. शिवाय नुसत्या वाकडेपणाचं नाही. पहिल्या भागात सेकंदाला ०.७३ मीटर आणि दुसऱ्यात ०.६९, तेही पाठीशी वारा असताना.

अनेरची_लेक
वाकडेपणा सूर्याचा, यात मला शंका नाही. वेग पडला तो कशाने, हे सांगता येत नाही. दम गेला असेल, लाट वाढली असेल, किंवा टाकी शोधायला जास्त वेळा मान वर काढली असेल. पहिल्या भागात जोरात निघालात का, हाही प्रश्न आहे. ०.७३ हा तुमचा टँकच्या मधल्या दहा मीटरचा वेग आहे, तोही न बघता पोहतानाचा.

आणि फुग्यावरचा फोन लाटांत इकडे-तिकडे हलतो, त्यामुळे दुसऱ्या भागातले काही मीटर खोटे असतील. हातातलं घड्याळ तर पाण्याखाली सिग्नल गमावतं, त्याहून वाईट.

तापीकाठ
दम आणि लाट वेगळी करता येते. मिनिटाला हात किती पडले ते बघायचं. हात कमी झाले असतील तर दम गेला. हात तेवढेच आणि अंतर कमी असेल तर लाटेने पकड खाल्ली. हात मोजले होते का? होडीवाल्याला सांगितलं असतं तर त्याने दर पाच मिनिटांनी अर्धा मिनिट मोजले असते.

मेहरूणची_पहाट
नाही मोजले. होडीवाला शेवटच्या दहा मिनिटांत एकाच गोष्टीवर ओरडत होता, ‘भाऊ, जाळं डावीकडे शे, उजवीकडे या.’ तेव्हा वळसा घातला. तो किती मीटरचा, ते फोनमध्ये बघून उद्या टाकतो.

अनेरची_लेक
अहो, मग ते ११ टक्के सूर्याचे नाहीतच की.

चुलीवरचं_भरीत
काही असतील. फोन बघू द्या आधी.